कन्सॉलिडेशनचं प्रकरण एका पानात

पनवेलजवळ उलवे-कोपरच्या पट्ट्यात नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला. 8 ऑक्टोबर 2025 रोजी त्याचं उद्घाटन झालं. त्याआधी सिडकोने उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला आणि खाजण जमिनीवर मोठा भराव घातला. अशा खाडीकाठच्या मऊ, काळसर चिकणमातीवर भराव पडला की मातीतलं पाणी हळूहळू बाहेर जातं आणि जमीन बसते. सॉइल मेकॅनिक्समधलं कन्सॉलिडेशनचं प्रकरण याच घटनेबद्दल आहे. म्हणून पनवेलच्या परिसरात सिव्हिल शिकणाऱ्यांनी परीक्षेसाठी एकच प्रकरण नीट आटवायचं ठरवलं, तर ते हेच असावं, असं माझं मत आहे.

पुस्तकात हे प्रकरण तीस-चाळीस पानं चालतं. पण टर्झागीने 1925 च्या आपल्या ग्रंथात ज्याचा पाया घातला, त्या सगळ्या मांडणीच्या मुळाशी दोनच प्रश्न आहेत: जमीन किती बसेल, आणि बसायला किती काळ लागेल. एक पान घ्या आणि त्याच्या मध्ये उभी रेघ मारा. डावीकडे ‘किती’, उजवीकडे ‘किती काळात’. प्रत्येक व्याख्या, सूत्र आणि चाचणीची प्रत्येक पायरी यांपैकी एका बाजूला गेली पाहिजे. जी कुठेच बसत नाही, ती या पानासाठी जास्तीची आहे.

डाव्या बाजूला तीन व्याख्या पुरतात. रिक्तता गुणोत्तर `e0` म्हणजे मातीतल्या पोकळीचं घन कणांच्या आकारमानाशी असलेलं प्रमाण. कॉम्प्रेशन इंडेक्स `Cc` म्हणजे `e` आणि दाबाचा लॉगॅरिथम यांच्या आलेखातल्या सरळ भागाचा उतार. आणि ओव्हरकन्सॉलिडेशन रेशो म्हणजे मातीने पूर्वी सोसलेला सर्वांत मोठा प्रभावी दाब भागिले आजचा प्रभावी दाब. तो 1 च्या आसपास असेल तरच खालचं सूत्र जसंच्या तसं लावायचं, ही अट व्याख्येच्या शेजारीच लिहा, नाहीतर ती निसटते.

```
S = [Cc·H / (1 + e0)] · log10[(σ0' + Δσ) / σ0']
```

उजव्या बाजूला एकच महत्त्वाची राशी, कन्सॉलिडेशनचा गुणांक `cv`. पाणी किती सहज वाहतं आणि माती किती दबते, या दोन्हींचा हिशेब तीत एकत्र होतो.

```
Tv = cv·t / d²
U = 90% असताना Tv = 0.848
```

इथे `d` म्हणजे थराची जाडी नव्हे, तर पाण्याला बाहेर पडण्यासाठी जावं लागणारं सर्वांत लांब अंतर. माझ्या मते या प्रकरणात सर्वांत जास्त गुण इथेच जातात. `H` आणि `d` दोन वेगळ्या रंगांत लिहा.

आता चाचणी. आयएस 2720 च्या भाग 15 मध्ये तिची सविस्तर पद्धत आहे. ती पाठ करण्याऐवजी प्रत्येक पायरी कोणतं गृहीतक जपते, एवढंच टिपून ठेवा. साधारण 60 मिमी व्यासाच्या आणि 20 मिमी जाडीच्या धातूच्या कड्यात नमुना बसवतात, कारण सूत्रात माती फक्त उभी दबते आणि बाजूला पसरत नाही. वर आणि खाली सच्छिद्र दगड असतात. पाणी दोन्हीकडून निघतं, म्हणून इथे `d` जाडीच्या निम्मा. दगड आधी पाण्याने भिजवून घ्यायचे आणि नमुना पाण्यात बुडालेला ठेवायचा, म्हणजे माती संपृक्त राहते. सुरुवातीला साधारण 5 किलोपास्कलचा बसवणारा भार देतात. पुढचे भार बहुतेक आधीच्या दुप्पट असतात, 50, 100, 200, 400 असे. दाबाचा अक्ष लॉगॅरिथमचा असल्याने दुप्पट भारांचे बिंदू आलेखावर समान अंतरावर पडतात.

डायल गेजच्या वाचनाच्या वेळा पहिल्यांदा विचित्र वाटतात: 0.25, 1, 2.25, 4, 6.25, 9, 12.25, 16 मिनिटं. त्या पाठ करू नका. ते 0.5, 1, 1.5, 2, 2.5 अशा चढत्या आकड्यांचे वर्ग आहेत. आपण आलेख वेळेच्या वर्गमुळावर काढणार असतो, म्हणून वाचनंही वर्गमुळाच्या समान पायऱ्यांवर घेतो. टेलरच्या या पद्धतीत सुरुवातीच्या सरळ भागावरून रेघ ओढतात. मग दुसरी रेघ अशी काढतात, की कुठल्याही पातळीवर तिचं आडवं अंतर पहिलीच्या 1.15 पट असेल. ती वक्राला जिथे छेदते, तिथे 90 टक्के कन्सॉलिडेशन झालेलं असतं. एकेक भार साधारण 24 तास ठेवावा लागतो, म्हणून पूर्ण चाचणीला आठवडा लागतो. दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये तिचा एक तुकडाच दिसतो.

आता सरावाचं उदाहरण, आकडे मुद्दाम घेतलेले. खाडीच्या मातीचा 6 मीटरचा थर, पाणी जमिनीलगत, ओलावा 80 टक्के, कणांचं विशिष्ट गुरुत्व 2.7. म्हणजे `e0 = 0.80 × 2.7 = 2.16`, आणि बुडालेल्या मातीचं वजन घनमीटरला सुमारे 5.3 किलोन्यूटन. लिक्विड लिमिटही 80 असेल, तर टर्झागी आणि पेक यांच्या अंदाजी सूत्राने `Cc = 0.009(80 − 10) = 0.63`. थराच्या मध्यावर, 3 मीटर खोलीवर, सध्याचा प्रभावी दाब सुमारे 16 किलोपास्कल. वर 3 मीटर भराव टाकला, घनमीटरला 20 किलोन्यूटनचा, तर वाढ 60 किलोपास्कल.

```
S = [0.63 × 6 / 3.16] × log10(76/16)
  = 1.196 × 0.677 = 0.81 m
```

म्हणजे 81 सेंटिमीटर. तीन मीटरच्या भरावातला चौथ्या हिश्शाहून अधिक भाग खाली जाणार.

वेळेसाठी चाचणीकडे वळू. 20 मिमीच्या नमुन्यात टेलरच्या आलेखावर `√t = 6.7` मिळालं, तर `t90` झाली 44.9 मिनिटं. प्रत्यक्षात त्या भाराखालच्या सरासरी जाडीचा निम्मा भाग `d` म्हणून घेतात. इथे सोयीसाठी 10 मिमी धरू.

```
cv = 0.848 × 10² / 44.9 = 1.89 mm²/min ≈ 1 m²/year
```

थराखाली मुरूम असेल आणि पाणी वरखाली दोन्हीकडे जात असेल, तर `d = 3` मीटर आणि `t = 0.848 × 9 / 1`, म्हणजे साडेसात वर्षांहून थोडा जास्त काळ. खाली पाणी न सोडणारा सलग बसाल्ट असेल तर `d = 6`, आणि तोच थर 90 टक्के बसायला तीस वर्षं घेईल. अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट होते. म्हणून बोअरहोलचा तक्ता पाहताना चिकणमाती जिथे संपते त्याच्या खालची ओळ आधी वाचावी. मऊ जमिनीत उभे निचरा-पट्टे ठोकतात तेही याचसाठी: पाण्याला कित्येक मीटर वर जाण्याऐवजी थोडंच अंतर आडवं जाऊन पट्टा गाठता येतो. पट्ट्यांमुळे उजवी बाजू बदलते, डावी नाही. जमीन तेवढीच बसते, फक्त लवकर.

पानाच्या तळाशी थोडी जागा नमुना बिघडल्याच्या खुणांसाठी ठेवा. खाडीची माती नळीतून काढताना, नेताना किंवा कड्यात कापताना चाळवली, तर `e`–लॉग दाबाच्या आलेखातलं स्पष्ट वळण गोलसर होतं आणि सरळ भागाचा उतार कमी येतो. `Cc` कमी म्हणजे बसण्याचा अंदाज कमी, आणि ही चूक धोक्याच्या बाजूची आहे. अशा वेळी लिक्विड लिमिटवरून काढलेला `Cc` शेजारी ठेवून पाहावा. दोन्हींत मोठी तफावत असेल तर नमुन्यावर आधी शंका घ्यावी. मात्र मातीत कुजलेला झाडपाला किंवा शिंपले जास्त असतील, तर या तुलनेवर विसंबता येत नाही. तिथे दुसरा, जपून काढलेला नमुनाच तपासावा लागतो.