ओपन डेनंतरचा ई-मेल

विमान कंपनीच्या ओपन डेला निवडकर्ते प्रत्येक उमेदवाराला जेमतेम काही मिनिटं भेटतात. म्हणून नंतरच्या ई-मेलच्या विषयातच नाव, शहर आणि ओपन डेची तारीख लिहावी. ‘मी दडपणाखाली शांत राहते’ एवढ्यानं त्यांना काहीच कळत नाही. त्याऐवजी नोकरीतला प्रसंग सांगावा: ‘हॉटेलात जेवण वाढल्यावर एका पाहुण्यांनी शेंगदाण्याची ॲलर्जी असल्याचं सांगितलं. मी ताट लगेच उचललं, शेफना घटक विचारले, मॅनेजरना कळवलं आणि पाहुण्यांजवळ थांबले.’ यात आधी काय, नंतर काय, हे दिसतं. विमानातल्या आणीबाणीतही तेच लागतं. भाषांबाबत ‘मराठी, हिंदी, इंग्रजी अस्खलित, अरबी फक्त अभिवादनापुरती’ असं खरंच लिहावं. मुलाखतीत त्याच भाषेत प्रश्न येऊ शकतो.