दोन साड्यांचं भाषण

पाचवीतल्या मुलीला 3 जानेवारीच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी सावित्रीबाई फुल्यांवर बोलायचं होतं. वेळ तीन मिनिटं. घरच्यांनी कुठून तरी आणलेलं भाषण तिला पाठ करायला दिलं. त्याची सुरुवात अशी होती : ‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, अज्ञानाच्या अंधःकारात चाचपडणाऱ्या स्त्रीजातीला ज्ञानाचा प्रकाश दाखवणाऱ्या आद्य प्रणेत्या...’ ‘प्रणेत्या’ म्हणजे कोण, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, ‘सावित्रीबाईंचं आडनाव असेल.’

तिच्या आईशी बोलून ते भाषण आम्ही बाजूला ठेवलं आणि त्याच मुलीकडून दुसरं तयार करून घेतलं. ते कसं झालं हे तपशिलात सांगते, कारण ‘मुलाच्या स्वतःच्या शब्दांतलं भाषण’ हवं असं सगळेच म्हणतात, पण ते मिळवायचं कसं हे फारसं कुणी सांगत नाही. दहा वर्षांच्या मुलाला कोरा कागद देऊन ‘तुझ्या शब्दांत लिही’ म्हटलं, तर तो निबंध लिहितो. ‘यांचा जन्म अमुक साली अमुक गावी झाला’ हीच त्याची पहिली ओळ असते, कारण लिहायचं म्हणजे असंच, हे तो शाळेत शिकलेला असतो. मुलाचे स्वतःचे शब्द त्याच्या बोलण्यात असतात, म्हणून आधी त्याला बोलू द्यायचं आणि आपण लिहून घ्यायचं.

तिला सावित्रीबाईंची गोष्ट दोन-तीन वेळा नीट सांगितली आणि एक दिवस मध्ये जाऊ दिला. मग विचारलं, ‘त्यातलं काय आठवतं?’ ती पटकन म्हणाली, ‘त्यांच्या पिशवीत दुसरी साडी असायची.’ शाळेत जाता-येता लोक चिखल आणि शेण फेकायचे म्हणून त्या जास्तीची साडी बरोबर ठेवत, हा प्रसंग तिच्या मनात राहिला होता. जन्मगाव, सनावळी, पुस्तकांची नावं सगळं गळून गेलं होतं. जे राहिलं त्यावरच भाषण उभं करायचं असतं. पुढचा प्रश्न होता, ‘तुझ्यावर कधी चिखल उडाला होता का?’ त्यावर ती पाच मिनिटं बोलली, हात हलवत, डोळे मोठे करत. मी फोनवर रेकॉर्ड करून घेतलं आणि नंतर ‘ना’, ‘पण’, ‘एवढासाच’ यांसकट उतरवून काढलं. मी फक्त क्रम लावला आणि फाफटपसारा कमी केला. सन आणि ठिकाणं मात्र मोठ्यांनी तपासून घ्यायची असतात, तिथे मुलाच्या आठवणीवर विसंबून चालत नाही.

तयार झालेलं भाषण असं. एक दंड म्हणजे श्वास घेण्यापुरतं थांबायचं. दोन दंड म्हणजे मनात ‘एक, दोन’ म्हणून मगच पुढे जायचं.

*नमस्कार. ॥*

*माझ्या दप्तरात डबा असतो, । पाण्याची बाटली असते । आणि वह्या असतात. ॥ सावित्रीबाई शाळेत शिकवायला जायच्या ना, । तेव्हा त्यांच्या पिशवीत एक जास्तीची साडी असायची. ॥ साडी कशाला? ॥*

*1848 साली पुण्यात, भिडेवाड्यात, । जोतिरावांनी आणि सावित्रीबाईंनी मुलींसाठी शाळा काढली. । तेव्हा लोक म्हणायचे, मुलींनी शिकायचं नाही. । म्हणून सावित्रीबाई रस्त्याने निघाल्या की लोक त्यांच्यावर चिखल फेकायचे. ॥ शेणसुद्धा फेकायचे. ॥ (एक हात खांद्यावर ठेवते, तिथेच ठेवते)*

*मागच्या पावसाळ्यात एका रिक्षाने माझ्या युनिफॉर्मवर चिखल उडवला. । (चिमूट दाखवते) एवढासाच! । पण मी रडले, । आणि आईला म्हणाले, मला घरी जायचंय. ॥*

*सावित्रीबाई घरी नाही गेल्या. ॥ त्या शाळेत जायच्या, । साडी बदलायच्या । आणि मुलींना शिकवायच्या. । दुसऱ्या दिवशी परत दोन साड्या! ॥ (दोन बोटं)*

*मग खूप वर्षांनी पुण्यात प्लेग आला. । प्लेग झालेल्या माणसाजवळ जायला सगळे घाबरायचे. । मुंढव्याला एक मुलगा आजारी होता. । सावित्रीबाईंनी त्याला (वाकते, एक हात मागे) पाठीवर घेतलं । आणि दवाखान्यात नेलं. ॥ तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. । माझी आजीपण तेवढीच आहे. । ती मला उचलत नाही, म्हणते कंबर दुखते. ॥*

*तो मुलगा वाचला. ॥ पण सावित्रीबाईंना प्लेग झाला । आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. ॥*

*मला एक विचारायचंय. ॥ ज्यांनी शेण फेकलं, । त्यांच्या घरातल्या मुलीपण नंतर शाळेत गेल्या असतील ना? । त्यांना साडीचं कुणी सांगितलं असेल का? ॥ धन्यवाद.*

शेवटचे दोन प्रश्न पूर्णपणे तिचे आहेत. रेकॉर्डिंगमध्ये ते मध्येच कुठेतरी आले होते, मी फक्त शेवटी नेले. मोठ्या माणसाला हे सुचलं असतं तर त्याने त्यावर एक परिच्छेद लिहिला असता आणि सगळा जीव काढून टाकला असता.

आता वेळेचा हिशेब. या वयाची मुलं स्पष्ट बोलली तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. हे भाषण साधारण एकशे साठ शब्दांचं आहे, म्हणजे नुसतं बोलायला दीड मिनिटाहून थोडं जास्त. त्यात थांबण्याचा अर्धा मिनिट मिळवला की दोन मिनिटांहून थोडं जास्त होतं. उरलेला वेळ मोकळाच ठेवायचा. माईक खाली करायला वेळ जातो, मुलं हसली तर थांबावं लागतं, एखादी ओळ पुन्हा आठवावी लागते. तीन मिनिटांना साडेतीनशे शब्द लिहून देणारे पालक मुलाला पळायलाच लावतात. पळणारं मूल सगळ्यांत आधी थांबण्याच्या जागा गाळतं, मग हातवारे, मग शब्दांची टोकं. घरी घड्याळ लावून ऐकावं. हेच भाषण दोन मिनिटांच्या आत संपलं, तर मुलीने दंड खाल्ले असं समजावं.

थांबायचं कुठे, हे स्वल्पविरामावरून ठरत नाही. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहायला जिथे वेळ लागतो, तिथे थांबायचं. ‘साडी कशाला?’ नंतरचा थांबा यातला सर्वांत मोलाचा आहे, कारण तिथे सभागृह उत्तर शोधू लागतं. उलट ‘त्या शाळेत जायच्या, साडी बदलायच्या’ इथे मोठा थांबा घेतला तर बाईंची चाल मोडते. मुलांना ‘दोन सेकंद थांब’ सांगून उपयोग होत नाही. स्टेजवर त्यांचे दोन सेकंद अर्ध्या सेकंदात उरकतात. त्यांना शरीराला काहीतरी काम द्यावं लागतं. या मुलीला आम्ही बुटातला अंगठा दोनदा दाबायला सांगितलं. बाहेरून कुणाला कळत नाही, आणि थांबा पूर्ण होतो.

हातवारे या भाषणात चारच आहेत. तिला आधी दिलेल्या भाषणात जवळजवळ प्रत्येक ओळीला एक होता : ‘प्रकाश’ म्हटलं की हात वर, ‘समाज’ म्हटलं की हात गोल, ‘मी’ म्हटलं की छातीवर. शब्दाचं असं चित्र काढत गेलं की पाहणारा हातांकडे बघत राहतो आणि ऐकणं सुटतं. चिमटीचा हातवारा आम्ही शिकवला नाही, तो रिक्षाची गोष्ट सांगताना तिने आपणहून केला होता. म्हणून तो शब्दाच्या किंचित आधी येतो, खरं बोलताना माणसाचा हात तसाच येतो. शिकवलेला हात शब्दानंतर येतो, आणि पाठ केलेलं ओळखायची ही एक पक्की खूण आहे. खांद्यावरचा हात मात्र मी सुचवला. ती पहिल्यांदा चिखल झटकून दाखवत होती. मी म्हटलं, झटकू नकोस, नुसता ठेव आणि थांब. सरावात तिथे तिच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

पाठीवर घेण्याच्या जागी ती आधी दोन्ही हात मागे न्यायची. मग लक्षात आलं, स्पर्धेत माईक हातात असला तर? म्हणून वाकायचं आणि एकच हात मागे न्यायचा, असं ठरवलं. पोडियमच्या मागे उभं केलं तर दहा वर्षांच्या मुलीचा फक्त चेहरा दिसतो आणि कमरेजवळचे हात गडप होतात. तेव्हा ‘मी पुढे येऊन बोलू का?’ हे वाक्यही तिच्याकडून म्हणून घ्यावं. शिवाय अनेक स्पर्धांत वेळ संपण्याआधी एक इशाऱ्याची घंटा होते. ती म्हणजे ‘थांब’ नाही, हे मुलाला माहीत हवं. नाहीतर घंटा वाजताच बोलणं गोठतं. सरावात ताटलीवर चमचा वाजवून सवय केली की पुरे.

पाठांतर ओळीने न करता प्रसंगाने करावं. दप्तर, शाळा, चिखल, दोन साड्या, पाठ, प्रश्न. तिला मध्येच थांबवून ‘आता पाठीवरचं सांग’ म्हटलं आणि तिला पहिल्या ओळीपासून सुरू करावं लागलं नाही, तर भाषण डोक्यात बसलं. एखादा शब्द बदलला तर टोकू नये. तिने एकदा ‘जास्तीची साडी’च्या जागी ‘एक्स्ट्रा साडी’ म्हटलं, तेही चाललं असतं. घरची बोलीही तशीच राहू द्यावी. शब्द कळत नसेल तेवढाच उच्चार दुरुस्त करावा.

या पद्धतीची मर्यादाही सांगायला हवी. काही परीक्षक अजूनही जड शब्द, चढा आवाज आणि मुठी आवळणं यांनाच गुण देतात. तिथे असं भाषण मागे पडेल. तो दोष परीक्षणाचा आहे, आणि तो सुधारायला सोपा आहे. संयोजकांनी प्रत्येक मुलाला भाषणानंतर त्याच्याच भाषणातला एक साधा प्रश्न विचारावा आणि त्याला गुण ठेवावेत. ‘तू म्हणालीस त्यातलं तुला सगळ्यात काय पटलं?’ एवढं पुरे. मूल स्वतः बोललं की दुसऱ्याचं बोललं, हे दोन वाक्यांत समजतं.

पालकांना शेवटचं एकच सांगणं आहे : स्पर्धेच्या आदल्या दिवशी भाषणात एक शब्दही बदलू नका, आणि सकाळी ‘सगळं आठवतंय ना?’ असं विचारू नका.