आधी कोणता विषय? दोहातील एका मुलीची तयारी



कतारची राजधानी दोहा येथे आमच्या परिचयाचे एक मराठी कुटुंब राहते. त्यांची थोरली मुलगी तेथील भारतीय शाळेत बारावीला होती. तिला महाराष्ट्रात फिजिओथेरपी शिकायची होती. वडिलांनी आम्हांला विचारले, “सर, ती भौतिकशास्त्रात फारच कच्ची आहे. रोजच्या पाच तासांपैकी चार तास तिकडेच द्यावेत का?” आम्ही म्हटले, आधी सराव परीक्षेचे गुण दाखवा.

महाराष्ट्रात फिजिओथेरपीचा प्रवेश ‘नीट’ परीक्षेच्या गुणांवर होतो. २०२२ साली या परीक्षेच्या परदेशी केंद्रांत दोहाचे नाव आले. २०२५ च्या पद्धतीनुसार १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात: जीवशास्त्राचे ९०, रसायनशास्त्राचे ४५ आणि भौतिकशास्त्राचे ४५. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीचे असल्यास १ गुण जातो, कोरे सोडल्यास काही जात नाही. म्हणजे ७२० पैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे. दोघांचे एकूण गुण सारखे असले तर क्रम ठरवतानाही जीवशास्त्रच आधी पाहिले जाते.

आता मुलीचा कागद पाहू. जीवशास्त्रात ६२ बरोबर, १८ चूक, १० कोरे: २३० गुण. रसायनशास्त्रात २० बरोबर, १५ चूक, १० कोरे: ६५ गुण. भौतिकशास्त्रात १० बरोबर, २५ चूक, १० कोरे: १५ गुण. एकूण ३१०.

भौतिकशास्त्राचे तिने ३५ प्रश्न सोडवले. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात. डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी आठ-नऊ बरोबर आले असते. याचा अर्थ या विषयाची तिची बैठकच नव्हती, आणि ती काही आठवड्यांत बसणारी नव्हती. शिवाय तिने पेपर भौतिकशास्त्रापासून सुरू केला होता. तिथे सव्वा तास गेला आणि शेवटी जीवशास्त्राचे येणारे दहा प्रश्न वेळेअभावी कोरे राहिले. नुकसान खरे तेथे होते.

मग आम्ही जीवशास्त्राच्या १८ चुका एकेक करून तपासायला लावल्या. अकरा चुका एनसीईआरटीच्या पुस्तकातील तक्ते आणि आकृत्यांखालच्या ओळी न वाचल्यामुळे झाल्या होत्या. उरलेल्या सात ठिकाणी ‘अयोग्य विधान निवडा’ हे शब्द नजरेतून सुटले होते. अशी चूक थोड्या सवयीने सुधारते, म्हणून पहिला हक्क जीवशास्त्राचा.

पाच तासांची वाटणी अशी ठरली: जीवशास्त्र अडीच तास, रसायनशास्त्र दीड तास, भौतिकशास्त्र एक तास. रसायनशास्त्रात आधी मोल संकल्पना पक्की करायची, कारण द्रावणे, समतोल आणि विद्युत-रसायन या प्रकरणांची गणिते तिच्यावर उभी आहेत. भौतिकशास्त्रात विद्युतधारा, अर्धवाहक, अणू व केंद्रक अशी थोडी प्रकरणे नीट करायची आणि घूर्णन गतीसारखे लांबलचक प्रकरण शेवटी ठेवायचे. पेपरात क्रम जीवशास्त्र, रसायन, भौतिक असाच. भारतात दुपारी २ ला सुरू होणारी परीक्षा दोहात सकाळी ११:३० ला असते, म्हणून दर शनिवारी त्याच वेळी सराव पेपर.

एक सावधगिरी सांगतो. मोठ्या भावंडांची जुनी मार्गदर्शक पुस्तके तशीच वापरू नयेत. २०२४ च्या अभ्यासक्रमातून पचन व शोषण, वनस्पतींतील खनिज पोषण अशी काही प्रकरणे वगळली गेली. त्यांवर दिलेले तास फुकट जातात.

आठ आठवड्यांनी जीवशास्त्रात ७६ बरोबर, ९ चूक: २९५. रसायनात २७ बरोबर, ९ चूक: ९९. भौतिकशास्त्रात १४ बरोबर, १० चूक: ४६. एकूण ४४०. वाढलेल्या १३० गुणांपैकी ६५ जीवशास्त्राने दिले. भौतिकशास्त्राला रोज एकच तास दिला, तरी ३१ गुण वाढले.

पण हीच वाटणी सर्वांना लागू नाही. तिच्या वर्गातील केरळच्या एका मैत्रिणीला मेडिकल लॅब टेक्नॉलॉजी करायची होती. केरळात त्या अभ्यासक्रमाची यादी बारावीच्या भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र यांच्या गुणांवर लागत आली आहे. नीटमध्ये भौतिकशास्त्राचा वाटा चौथा. तेथे तो तिसरा होतो, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्या मुलीने भौतिकशास्त्र मागे ठेवले असते तर जागा हातची गेली असती. तिला तिन्ही विषयांना सारखा वेळ देणेच योग्य होते.

तेव्हा पालकांनो, आधी त्या वर्षीचे माहितीपत्रक मागवून कोणत्या गुणांवर प्रवेश आहे ते पाहा. मग मुलाच्या सराव पेपरातील चुका मोजा. वेळापत्रक त्यानंतर करा.