आठ जोड्या, अठ्ठावीस सामने आणि एक मेंढीकोट

घरच्या मेंढीकोटात हरलेल्याने पिसायचं, हा जुना रिवाज. दिवाळीच्या सुट्टीत किंवा कोजागिरीच्या जागरणात तो शोभतो. पिसणाऱ्याकडे कमीपणा येतो, चिडवाचिडवी होते आणि त्यातच निम्मी मजा असते. पण सोसायटीच्या सभागृहात चार टेबलं मांडून आठ जोड्यांची स्पर्धा घ्यायची ठरली, की सगळ्यात आधी हाच रिवाज बाजूला ठेवावा लागतो. पिसणाऱ्याच्या डावात पहिली उतारी प्रतिपक्षाची असते. हरणाऱ्यानेच पिसत राहायचं म्हटलं, तर मागे पडलेल्या जोडीला एकापाठोपाठ एक डावांत पहिली उतारी मिळतच नाही. म्हणून स्पर्धेत पिसण्याची पाळी चौघांत ओळीने फिरते आणि एका सामन्यातले डाव चारच्या पटीत ठेवले जातात: चार किंवा आठ.

आठ डाव चांगले. पानांचा खेळ म्हटला की नशीब आलंच. चार डावांत एका जोडीकडे तीनदा भरभरून एक्के-राजे आले, तर कौशल्याला वावच उरत नाही. साधारण पाच-सहा मिनिटांचा एक डाव धरला, तर आठ डावांना पाऊण तास लागतो. सगळं मिळून पाच तासांच्या पुढे जातं, म्हणजे रविवारच्या सकाळ-दुपार अशा दोन बैठका. वेळ नसेल तर चार डावांवर भागवावं, मात्र निकालात नशिबाचा वाटा वाढला हे मान्य करून.

प्रत्येक जोडीने प्रत्येक जोडीशी एकदा खेळायचं, तर आठ जोड्यांचे अठ्ठावीस सामने होतात. एका वेळी चार टेबलं चालली की सात फेऱ्यांत ते संपतात. कोण कधी कोणाशी हे तोंडी ठरवायला गेलं, तर चौथ्या फेरीपासून गोंधळ सुरू होतो: दोन जोड्यांचं आधीच खेळून झालेलं असतं आणि उरलेल्यांना प्रतिस्पर्धीच सापडत नाही. त्यावरचा उपाय शाळकरी मुलालाही जमेल इतका सोपा आहे. कागदावर वर 1, 2, 3, 4 लिहायचे आणि त्यांच्या खाली 8, 7, 6, 5. समोरासमोरचे आकडे ही पहिली फेरी: 1-8, 2-7, 3-6, 4-5. पुढच्या फेरीला 1 जागचा हलत नाही. बाकी सातजण घड्याळाच्या काट्यासारखे एकेक घर पुढे सरकतात. आता वर 1, 8, 2, 3 आणि खाली 7, 6, 5, 4. म्हणजे दुसरी फेरी 1-7, 8-6, 2-5, 3-4. असं सात वेळा केलं की कोणतीही गाठ दोनदा पडत नाही आणि एकही सुटत नाही.

सातच जोड्या आल्या, तरी कागद तोच. 8 च्या जागी ‘सुट्टी’ लिहायचं. ज्याच्यासमोर सुट्टी येईल तो त्या फेरीत चहा घेतो. प्रत्येकाच्या वाट्याला ती एकदाच येते.

आकडे चिठ्ठ्या टाकून द्यावेत, पण एका बाबतीत हात राखून. एकाच घरातल्या दोन जोड्या असतील, तर त्यांना पहिल्याच फेरीत गाठ पडेल असे आकडे द्यावेत, उदाहरणार्थ 1 आणि 8. शेवटच्या फेरीत भावाला दोन गुण हवे असतील आणि बहिणीचं काहीच पणाला लागलेलं नसेल, तर प्रामाणिक खेळावरही कुजबुज होते. बुद्धिबळाच्या साखळी स्पर्धांत एकाच देशाच्या खेळाडूंना सुरुवातीच्या फेऱ्यांत भिडवतात, ते याच कारणासाठी.

निकालाची चिठ्ठी लहान असावी: फेरी, टेबल, दोन्ही जोड्यांचे क्रमांक, प्रत्येकीने जिंकलेले डाव आणि दोघांच्याही सह्या. मेंढीकोटात डाव बरोबरीत सुटत नाही. मेंढ्या, म्हणजे दश्श्या, दोन-दोन वाटल्या गेल्या तरी हात तेरा असल्यामुळे एका बाजूचे किमान सात होतातच. त्यामुळे चिठ्ठीवरच्या दोन आकड्यांची बेरीज आठ यायलाच हवी. सामना जिंकणाऱ्याला 2 गुण, 4-4 झाल्यास प्रत्येकी 1. म्हणजे दर फेरीला एकूण 8 गुण वाटले जातात, सात फेऱ्यांत 56. तक्त्याची बेरीज 55 आली, तर चूक कुठेतरी नक्की आहे आणि ती त्याच फेरीत शोधली पाहिजे. बक्षीस वाटून झाल्यावर ती सापडण्याइतकं वाईट काही नाही.

खरा कस लागतो तो गुण सारखे झाल्यावर. 2019 च्या क्रिकेट विश्वचषकात दहा संघ एकमेकांशी एकेकदा खेळले. न्यूझीलंड आणि पाकिस्तान दोघांचेही 11 गुण झाले, विजयही पाच-पाच. पाकिस्तानने न्यूझीलंडला साखळीत हरवलं होतं. तरी उपांत्य फेरीत गेला न्यूझीलंड, कारण नियम निव्वळ धावगतीचा होता. आपसातली लढत आधी पाहायची असा नियम असता, तर पाकिस्तान पुढे गेला असता. दोन्ही नियम योग्य म्हणता येतात. कोणता लावणार हे स्पर्धेआधी जाहीर होतं, म्हणून निकाल उभा राहिला.

आता मेंढीकोटाचा तक्ता घ्या. सात फेऱ्यांनंतर क, ख आणि ग या तीन जोड्यांचे दहा-दहा गुण झाले आहेत. क ने ख ला 5-3 हरवलं, ख ने ग ला 6-2, आणि ग ने क ला 5-3. आपसात प्रत्येकाचा एक विजय, एक पराभव. गुणांवर काहीच सुटत नाही. मग या तिघांच्याच सामन्यांतले डाव मोजायचे. क ने जिंकले 8, गमावले 8: फरक शून्य. ख चे 9 आणि 7: अधिक दोन. ग चे 7 आणि 9: उणे दोन. पहिला क्रमांक ख चा.

दुसरा कोणाचा? इथेच अनेक आयोजक अडकतात. तोच फरक पुढे चालवला, तर शून्यवाला क. पण ख बाजूला झाल्यावर उरलेल्या दोघांची पाटी पुन्हा कोरी करून आपसातला सामना पाहिला, तर ग ने क ला हरवलंय, म्हणून ग. एकाच कागदावरून दोन उत्तरं! युरोपीय फुटबॉल करंडकाच्या नियमांत आपसातले निकष पुन्हा लावतात ते फक्त त्यानंतरही बरोबरीत राहिलेल्या संघांसाठी, म्हणजे तिथे दुसरा क. छोट्या स्पर्धेत पाटी कोरी करणंच बरं, कारण दोघांतला सामना सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो. मात्र ‘पुन्हा पहिल्यापासून’ हे शब्द भिंतीवरच्या नियमपत्रकात असायलाच हवेत.

सगळ्या सामन्यांतल्या डावांचा फरक पहिल्या निकषाला का नको? त्यात अधिक डाव मोजले जातात, हे खरं. पण आशा संपलेली जोडी शेवटच्या फेरीत कंटाळून 8-0 हरते, तेव्हा ते आठ डाव ज्याच्यासमोर ती बसली त्याच्या पदरात पडतात. चढवलेले कोट मोजायचा मोह त्याहून वाईट: सामना हातात आलेली जोडी मग कोटासाठीच खेळत बसते. म्हणून एकूण फरक तिसरा निकष, कोट चौथा.

मधेच उठून जाणाऱ्या जोडीचं काय, हेही आधीच लिहावं. निम्म्याहून कमी सामने खेळून ती गेली, तर तिचे सगळे निकाल तक्त्यातून खोडायचे. नाहीतर ज्यांची तिच्याशी गाठ पडली नाही, त्यांच्यावर किंवा बाकीच्यांवर अन्याय होतो. सातांपैकी चार खेळून झाले असतील, तर ते निकाल कायम आणि उरलेल्या तीन प्रतिस्पर्ध्यांना विजयाचे दोन-दोन गुण.

चारही निकष सारखे निघाले, तर चार जादा डाव; पहिल्यांदा कोणी पिसायचं हे पान कापून ठरवायचं. तेही 2-2 झाले, तर एकच निर्णायक डाव, पुन्हा पान कापून. तेरा हातांमुळे त्याचा निकाल लागतोच.