तक्ता पुढे भरत जायचा, उत्तर मागे चालत शोधायचे

न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल लॅब्समध्ये युनिक्स प्रणाली आकार घेत होती, तेव्हा डग्लस मॅकिलरॉय एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाच्या मागे लागले होते. एकाच मजकुराच्या दोन फायली आहेत, जुनी आणि सुधारलेली. त्यांच्यात नेमके काय बदलले? १९७४ च्या पाचव्या आवृत्तीतल्या युनिक्समध्ये `diff` नावाचा प्रोग्राम आला आणि या प्रश्नाला उत्तर मिळू लागले. त्यामागची पद्धत मॅकिलरॉय आणि जेम्स हंट यांनी १९७६ च्या एका तांत्रिक अहवालात मांडली.

काय बदलले ते शोधायचे, तर आधी काय टिकले ते शोधावे लागते, ही यातली किल्ली. दोन्ही फायलींत त्याच क्रमाने येणाऱ्या ओळींची जास्तीत जास्त लांब मालिका काढायची. त्या ओळी एकमेकींना लागून नसल्या तरी चालेल, क्रम मात्र मोडता कामा नये. जुन्या फायलीतल्या उरलेल्या ओळी गेल्या आणि नव्यातल्या उरलेल्या आल्या, असे मग म्हणता येते. या मालिकेला सर्वांत लांब सामाईक उपक्रमिका म्हणतात. प्रोग्रामर मंडळी नुसते ‘एलसीएस’ म्हणतात.

ओळींऐवजी अक्षरे घेतली की हा हिशेब कागदावर करून पाहता येतो. ‘सरबत’ आणि ‘बरकत’ हे दोन शब्द घेऊ. सगळ्या उपक्रमिका लिहून काढाव्यात, तर चार अक्षरांच्या शब्दाच्या रिकामी धरून १६ होतात. हे जमण्यासारखे आहे. पण तीस अक्षरांवर ही संख्या शंभर कोटींच्या पलीकडे जाते, म्हणून दुसरा मार्ग हवा. रॉबर्ट वॅग्नर आणि मायकेल फिशर यांनी १९७४ मध्ये तक्त्याची रीत प्रसिद्ध केली. नीडलमन आणि वुन्श यांनी १९७० मध्येच प्रथिनांतल्या अमिनो आम्लांच्या क्रमांची तुलना करताना तिच्या जवळची रीत वापरली होती.

तक्त्यात उभ्या बाजूला ‘सरबत’ची अक्षरे येतात आणि आडव्या बाजूला ‘बरकत’ची. सुरुवातीला शून्यांची एक जादा रांग आणि एक जादा स्तंभ असतो, कारण रिकाम्या शब्दाशी कोणाचेच काही जुळत नाही. प्रत्येक घरातला आकडा सांगतो की पहिल्या शब्दाचा इथपर्यंतचा भाग आणि दुसऱ्याचा इथपर्यंतचा भाग यांची एलसीएस किती लांब आहे. घर भरताना दोनच शक्यता असतात. त्या रांगेचे आणि स्तंभाचे अक्षर सारखे असेल, तर वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या तिरप्या घराचा आकडा घेऊन त्यात एक मिळवायचा. सारखे नसेल, तर वरचे घर आणि डावीकडचे घर यांतला मोठा आकडा उतरवायचा. वरून खाली, डावीकडून उजवीकडे जात राहिले की लागणारी तीनही घरे आधीच भरलेली सापडतात.

```
        ब  र  क  त
     0  0  0  0  0
स    0  0  0  0  0
र    0  0  1  1  1
ब    0  1  1  1  1
त    0  1  1  1  2
```

खालच्या उजव्या कोपऱ्यात २ आला. म्हणजे दोन अक्षरांची मालिका दोन्ही शब्दांत सामाईक आहे. पण ती कोणती? तक्ता फक्त लांबी सांगतो, अक्षरांबद्दल काही बोलत नाही. नवशिके बहुतेकदा इथेच फसतात. तक्ता भरतानाच, अक्षरे जुळली की ते अक्षर बाजूला टिपून ठेवावे, असे त्यांना वाटते. या तक्त्यात अक्षरे तीन ठिकाणी जुळली: र, मग ब, मग त. टिपलेले उत्तर होते ‘रबत’. तीन अक्षरांचे हे उत्तर ‘बरकत’मध्ये नाही, कारण तिथे ब आधी येतो आणि र नंतर. र जुळणे आणि ब जुळणे या दोन वेगवेगळ्या वाटा आहेत, एका मालिकेत दोन्ही बसत नाहीत. चूक ओळखायची सोपी खूण अशी की हाती आलेल्या मालिकेची लांबी आणि कोपऱ्यातला आकडा एकच असला पाहिजे.

एखादे जुळलेले अक्षर अंतिम मालिकेत राहणार की नाही, हे तक्ता भरताना कळत नाही. ते पुढच्या अक्षरांवर ठरते. पुढचे सगळे ज्याला माहीत आहे असे घर एकच, ते म्हणजे शेवटचा कोपरा. म्हणून तिथून निघायचे आणि प्रत्येक घराला विचारायचे की तुझा आकडा आला कुठून.

```
i, j, out = len(a), len(b), []
while i and j:
    if a[i-1] == b[j-1]:
        out.append(a[i-1])
        i -= 1
        j -= 1
    elif L[i-1][j] >= L[i][j-1]:
        i -= 1
    else:
        j -= 1
out.reverse()
```

कोपऱ्यात त आणि त जुळतात. त उचलायचा आणि तिरपे जायचे. आता आपण ब च्या रांगेत, क च्या स्तंभात आहोत. अक्षरे वेगळी, वरही १ आणि डावीकडेही १. कोड अशा वेळी वर जातो आणि र च्या रांगेत पोहोचतो. तिथेही अक्षरे वेगळीच आहेत, पण वर ० आणि डावीकडे १ असल्यामुळे डावीकडे वळतो. तिथे र आणि र जुळतात. र उचलून तिरपे गेल्यावर स आणि ब समोर येतात; तिथून पुढे फक्त शून्ये आहेत. हाती आले त, र. ते उलटे केले की ‘रत’. प्रत्येक पावलाला `i` किंवा `j` कमी होतोच, त्यामुळे ही चाल दोन शब्दांच्या एकूण लांबीपेक्षा अधिक पावलांची कधीच होत नाही. तक्ता भरण्याच्या मानाने हे काम किरकोळ आहे.

काही जण अक्षरांची तुलना टाळून, आकडा तिरप्या घरापेक्षा एकने मोठा दिसला की अक्षर जुळले असे धरतात. र च्या रांगेतले क चे घर पाहा. तिथे १ आहे आणि तिरप्या घरात ०, पण अक्षरे र आणि क. तो १ डावीकडून नुसता उतरलेला आहे. अशा प्रोग्रामने स्तंभाचे अक्षर उचलले, तर ‘सरबत’मध्ये नसलेला क उत्तरात शिरतो.

वर आणि डावीकडे आकडा सारखाच होता, त्या घरापाशी पुन्हा जाऊ. तिथे `>=` ऐवजी `>` लिहिले असते तर चाल डावीकडे गेली असती, ब पाशी जुळणी सापडली असती आणि उत्तर ‘बत’ आले असते. तेही दोन अक्षरांचे आणि तितकेच बरोबर. तक्त्याच्या लेखी दोघांत काही फरक नाही. माणसाच्या लेखी असतो, आणि हे `git diff` वापरणाऱ्याने पाहिलेले असते. एका फंक्शनच्या खाली दुसरे फंक्शन लिहिले, की दोघांच्या शेवटी `}` ही एकसारखी ओळ येते. जुन्या फायलीतला एकुलता `}` नव्या फायलीतल्या यांपैकी कोणाशीही जुळवता येतो, लांबी सारखीच राहते. दुसऱ्याशी जुळवला तर नवी भर आधीच्या फंक्शनच्या `}` पासून सुरू झालेली दिसते आणि शेवटचा `}` जुनाच असल्यासारखा राहतो. हिशेब बरोबर असतो, वाचणारा मात्र गोंधळतो. म्हणून गिटमध्ये ओळींच्या डावीकडच्या मोकळ्या जागेवरून भर कुठून कुठपर्यंत दाखवायची ते ठरवणारी सोय आली आणि २०१७ च्या २.१४ आवृत्तीपासून ती आपोआप चालू राहू लागली.

तक्त्याची खरी अडचण जागेची आहे. मॅकिलरॉय यांच्या काळच्या पीडीपी-११ यंत्रावर पत्ते १६ बिटांचे होते, म्हणजे प्रोग्रामला एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंतच पोहोचता येई. एका घराला दोन बाइट धरले, तर सुमारे १८० ओळींच्या दोन फायलींचा तक्ता ही सगळी जागा खाऊन टाकतो. हंट आणि मॅकिलरॉय यांनी पूर्ण तक्ता ठेवलाच नाही. अक्षरे जुळतात आणि आकडा वरच्या व डावीकडच्या घरांपेक्षा नव्याने वाढतो, तेवढीच घरे त्यांनी ठेवली आणि प्रत्येकाला आधीच्या घराचा दुवा जोडला. आपल्या तक्त्यातल्या पंचवीस घरांपैकी अशी घरे तीनच आहेत. ‘त’च्या घरापासून दुवा धरून मागे गेले की उत्तर मिळते. तक्ता गेला, तरी मागे चालणे राहिलेच.

डॅनियल हिर्शबर्ग यांनी १९७५ मध्ये आणखी वेगळी वाट दाखवली. नुसती लांबी हवी असेल तर फक्त मागची आणि चालू अशा दोन रांगा पुरतात, पण मग मागे चालायला वाट उरत नाही. त्यांनी पहिला शब्द मधोमध तोडला: ‘सर’ आणि ‘बत’. ‘सर’ची तुलना ‘बरकत’च्या सुरुवातीच्या ०, १, २, ३, ४ अक्षरांशी केली की लांबी येते ०, ०, १, १, १. ‘बत’ची तुलना तेवढी अक्षरे सोडून उरलेल्या भागाशी केली की येते २, १, १, १, ०. बेरजा होतात २, १, २, २, १. सर्वांत मोठी बेरीज जिथे येते तिथे दुसरा शब्द तोडायचा आणि दोन्ही अर्ध्यांवर हेच पुन्हा करायचे. पहिल्याच जागी तोडला तर ‘बत’ मिळते, दोन अक्षरांनंतर तोडला तर ‘रत’. काम साधारण दुप्पट होते, जागा मात्र एकेका रांगेपुरतीच लागते.

वेळेची मर्यादा याहून चिवट आहे. हजार ओळींना दहा लाख घरे, दहा हजारांना दहा कोटी. यूजीन मायर्स यांच्या १९८६ च्या पद्धतीचा वेळ फरक किती आहे त्यावर अवलंबून असतो. फायली बऱ्याचशा सारख्या असतील तर ती फार झपाट्याने चालते, आणि गिट मुळात तीच वापरते. कोणत्याही दोन मालिकांसाठी मात्र वर्गाच्या वाढीतून ठळक सुटका बहुधा नाही. २०१५ मध्ये संशोधकांनी दाखवले की तशी पद्धत सापडली, तर तर्कशास्त्रीय समाधानाच्या प्रश्नाबद्दलचे एक रूढ गृहीतकच मोडेल.

मराठी मजकुरावर ही रीत लावताना ‘एक अक्षर’ म्हणजे काय ते आधी ठरवावे लागते. ‘सरबत’ आणि ‘बरकत’ यांना काना-मात्रा नाही, म्हणून वर सगळे सुरळीत झाले. ‘पाणी’ आणि ‘माती’ घ्या. युनिकोडमध्ये स्वरचिन्हे व्यंजनांपासून वेगळी साठवली जातात, म्हणून प्रत्येक शब्दाचे चार भाग होतात. तक्त्याच्या कोपऱ्यात २ येतो आणि मागे चालल्यावर हाती लागतो एक काना आणि एक दीर्घ वेलांटी, व्यंजन एकही नाही. आधी शब्दांची पूर्ण अक्षरे पाडली, तर ‘पा’, ‘णी’ आणि ‘मा’, ‘ती’ यांत काहीच सामाईक नाही, कोपऱ्यात ० येतो आणि तोच अर्थपूर्ण आहे. ‘तऱ्हा’सारख्या शब्दात आणखी एक अडचण आहे. त्यातला ऱ एका संकेतांकाने लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, तक्त्यात जुळत नाहीत. तुलनेआधी दोन्ही मजकूर `NFC` या एकाच रूपात आणले की दोन्ही ठिकाणचा ऱ एकच होतो आणि तिरप्या घरात एक मिळवला जातो.