एफएमईए तक्ता मराठीत आणताना ‘धोका’ हा शब्द का टाळावा?

यंत्र कुठे, कसं बिघडू शकतं आणि त्याने काय होईल, हे एफएमईए तक्त्यात लिहितात. परिणामाची तीव्रता आणि कारण घडण्याची वारंवारता यांना १ ते १० असे वेगवेगळे गुण असतात.

हिंगोली जिल्ह्यात वसमतकडे हळद वाफेवर शिजवतात. समजा, बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह अडकला. स्फोटात जीव जाऊ शकतो, म्हणून तीव्रता १०. असं क्वचित घडतं, म्हणून वारंवारता २. गुणाकार २०. पण तीव्रतेच्या रकान्यावर ‘धोका’ लिहिलं, तर कामगार म्हणतो, ‘असं कुठे रोज होतं?’ आणि ३ गुण देतो. गुणाकार ६ होतो, कारण क्वचितपणा दोनदा मोजला गेला.

म्हणून रकान्यांवर प्रश्नच लिहावेत: ‘घडलंच तर किती वाईट?’ आणि ‘कारण किती वेळा घडतं?’ मग एकच ओळ दोघांना, एकाला इंग्रजीत आणि दुसऱ्याला मराठीत, द्यावी. गुणांत मोठा फरक पडला, तर आधी भाषांतर तपासावं.