सोळा दिवसांचा हिशेब

"सर, मला डेंग्यू झाला होता. खूप अशक्तपणा आहे. प्लीज प्रोजेक्टची तारीख वाढवून द्या."

विद्यापीठाच्या कार्यालयात असा मेल आला की वाचणाऱ्या लिपिकाला वाईट वाटतही असेल, पण त्याला पुढे काही करता येत नाही. मुलगी कुठल्या वर्गातली, तारीख कुठली आणि किती वाढवायची, यातलं काहीच त्यात नाही. शिवाय तारीख वाढवणं त्याच्या हातात नसतंच. त्याला टिपणी लिहायची असते: अर्जदार कोण, मागणी काय, कारण काय, पुरावा कोणता. ती टिपणी कक्षाधिकाऱ्यांकडे आणि तिथून वर जाते. शेवटी सही करणाऱ्याने त्या मुलीला कधी पाहिलेलंही नसतं. म्हणून आपला मेल असा हवा, की त्यावरून टिपणी जवळजवळ तशीच उतरवता यावी.

समजा, एम.ए.च्या तिसऱ्या सत्राचा प्रकल्प १० ऑक्टोबरला द्यायचा आहे. २२ सप्टेंबरला ताप आला, २४ तारखेला डेंग्यूची तपासणी पॉझिटिव्ह आली, २५ ते ३० सप्टेंबर रुग्णालयात गेले आणि डॉक्टरांनी ७ ऑक्टोबरपर्यंत विश्रांती सांगितली. सप्टेंबरचे नऊ दिवस आणि ऑक्टोबरचे सात, असे सोळा दिवस बुडाले. १० तारखेत सोळा मिळवले की २६ ऑक्टोबर येते. मागणी या हिशेबातूनच यायला हवी. 'एक महिना द्या' म्हटलं, तर वरचे चौदा दिवस कशाचे, हा प्रश्न टिपणीच्या समासात लिहून कागद परत येतो.

मेल असा होईल:

"विषय: आजारपणामुळे प्रकल्प सादर करण्यास २६ ऑक्टोबरपर्यंत मुदतवाढ मिळणेबाबत (एम.ए. सत्र ३, पीआरएन …)

महोदय/महोदया,
मी वरील वर्गाची विद्यार्थिनी असून माझा प्रकल्प १० ऑक्टोबरपर्यंत सादर करायचा आहे. डेंग्यूमुळे मी २५ ते ३० सप्टेंबर रुग्णालयात दाखल होते. २२ सप्टेंबर ते ७ ऑक्टोबर हे सोळा दिवस मला काम करता आले नाही. पाचपैकी तीन प्रकरणे आजारापूर्वीच मार्गदर्शकांना दाखवली आहेत. तरी २६ ऑक्टोबरपर्यंत मुदतवाढ मिळावी, ही विनंती. डिस्चार्ज कार्ड व वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. मार्गदर्शकांना प्रत पाठवली आहे."

खाली पूर्ण नाव आणि मोबाइल नंबर. तापाचं, सलाइनचं वर्णन कुठेही नाही, कारण ते काम प्रमाणपत्र करतं. तीन प्रकरणांचं वाक्य मात्र मोलाचं आहे. आजाराआधी काम चालू होतं, हे त्यातून कळतं आणि मार्गदर्शकांना एका ओळीत दुजोरा देता येतो.

अर्ज बहुतेकदा अडतो तो तारखांवर. डिस्चार्ज कार्डावर ३० सप्टेंबर आणि मेलमध्ये ३ ऑक्टोबर असेल, तर खऱ्या आजारावरही संशय येतो. दुसरी चूक त्याहून सहज होते. डिस्चार्ज कार्ड रुग्णालयातले दिवस दाखवतं, घरी घेतलेल्या विश्रांतीचे दाखवतीलच असं नाही. म्हणून प्रमाणपत्रात 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत विश्रांती आवश्यक' असं डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्यावं. त्यावर सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. मोबाइलवर काढलेले आठ तिरपे फोटो पाठवण्यापेक्षा सगळे कागद एका पीडीएफमध्ये लावावेत.

मेल कधी गेला, यालाही अर्थ असतो. १० ऑक्टोबरच्या आत आलेला अर्ज मुदतवाढीचा ठरतो. ११ तारखेला तोच मजकूर विलंब माफ करण्याची विनंती होतो आणि मग आधी का कळवलं नाही, हेही सांगावं लागतं. त्यामुळे प्रमाणपत्र हातात यायची वाट पाहू नये. अंथरुणावरून घरच्या कुणाकडून चार ओळी पाठवाव्यात, 'कागदपत्रे दोन दिवसांत पाठवतो' असं लिहावं, आणि नंतर त्याच मेलला उत्तर म्हणून कागद जोडावेत. पहिल्या मेलची तारीख तशीच टिकते.

दार कुठलं ठोठावायचं, तेही पाहावं. वर्गातल्या अंतर्गत कामाची तारीख बहुधा विभागच ठरवतो, परीक्षा अर्जाची तारीख विद्यापीठ. पीएच.डी.ची तर वरची मर्यादाच विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांत आहे: प्रवेशापासून सहा वर्षं, आणि पुनर्नोंदणी करून आणखी जास्तीत जास्त दोन. तिथे विभागप्रमुखांना कितीही विनवलं, तरी त्यांच्या सहीने ती मर्यादा हलत नाही.

मंजुरीचा मेल आला की त्याची छापील प्रत काढून ठेवावी. २६ तारखेला प्रकल्प घेणाऱ्या खिडकीवर दुसराच माणूस बसलेला असतो. त्याच्यासमोरच्या यादीत तारीख १० ऑक्टोबरच असते.